पाळीतली कळ आणि रात्रीची कॉफी

लातूरच्या ट्युशन एरियात रात्री अकरा वाजताही मुलींच्या होस्टेलमधले दिवे चालू असतात. खिडकीच्या कट्ट्यावर इलेक्ट्रिक किटली, तिच्या शेजारी इन्स्टंट कॉफीच्या पुड्यांची माळ, साखरेचा डबा आणि संध्याकाळी आणलेली दुधाची पिशवी. नांदेडच्या श्यामनगर-भाग्यनगरकडच्या खोल्यांतही हाच सरंजाम दिसतो. एरवी मराठवाडा हा चहाचा मुलूख. घरी आलेल्या पाहुण्याला इथे कुणी कॉफी घेणार का म्हणून विचारत नाही. पण अहमदपूर, कंधार, देगलूर किंवा निलंग्याहून नीटच्या तयारीसाठी आलेली मुलगी पहिल्या काही महिन्यांतच कॉफीची होते, कारण दिवसभर क्लास आणि रात्री सराव परीक्षेची तयारी या दोन्हींना पुरेल इतकी झोप तिला मिळत नसते.

मग पाळी येते. "लई पोट दुखूलालंय" असे म्हणत ती गुडघे पोटाशी घेऊन पडते आणि तिला दोन बाजूंनी सल्ले मिळतात. मेसच्या काकू म्हणतात, "कॉफी उष्ण असती बाई, चार दिवस तोंडाला लावू नको." खोलीतली मैत्रीण म्हणते, "गोळी घे आणि वरून कडक कॉफी मार, लगेच उतरतं बघ." दोघींनाही तिची काळजी आहे आणि दोघींच्याही बोलण्यात थोडे तथ्य आहे. गोंधळ होतो तो एकाच कारणाने. पाळीत पोटाचे जे हाल होतात ते सगळे एकच दुखणे आहे असे आपण धरून चालतो. ओटीपोटातली कळ आणि पोट फुगणे या दोन वेगळ्या तक्रारी आहेत, त्यांची मुळे वेगळी आहेत, आणि कॉफी कमी करण्याचा परिणामही दोन्हींवर सारखा होत नाही.

आधी कळ पाहू. पाळी येण्याच्या सुमारास शरीरातले प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक झपाट्याने खाली येते. ते खाली आले की गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू पिळवटल्यासारखा आकसतो आणि त्याच वेळी त्याला रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्याही अरुंद होतात. स्नायू जोरात काम करतो आहे आणि त्याला रक्त मात्र कमी मिळते आहे, अशा वेळी जी वेदना होते ती ही कळ. ती लाटांनी येते, कंबरेत आणि मांड्यांत उतरते, आणि रक्तस्राव सुरू होताना किंवा त्याच्या काही तास आधी सुरू होऊन एक ते तीन दिवसांत ओसरते. हीच रसायने थोडी रक्तात उतरली की मळमळ, उलटी आणि पातळ जुलाबही होतात. पाळीच्या पहिल्या दिवशी शौचाला दोनदा-तीनदा जावे लागते, त्याचे कारण हे आहे.

या साखळीत कॉफी कुठे बसते? कॅफिनने रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून गर्भाशयाचा रक्तपुरवठा कमी होतो आणि कळ वाढते, असा खुलासा ठिकठिकाणी वाचायला मिळतो. ऐकायला तो पटतो. पण कॅफिनचा वाहिन्या आवळण्याचा परिणाम नीट दिसून आला आहे तो मेंदूतल्या वाहिन्यांवर. रोजच्या दोन-तीन कप कॉफीने गर्भाशयात तसेच होते, असे पक्के दाखवून देणारा पुरावा नाही. वेगवेगळ्या देशांतल्या विद्यार्थिनींना प्रश्नावल्या देऊन केलेल्या पाहण्यांत काही ठिकाणी जास्त कॉफी पिणाऱ्या मुलींना जास्त दुखते असे दिसले, काही ठिकाणी तसे काहीच दिसले नाही. आणि जिथे दिसले तिथेही एक शंका उरते. जिला जास्त दुखते तिची झोप मोडते, तिला थकवा येतो, म्हणून ती जास्त कॉफी पीत असेल. ट्युशन एरियातल्या कुठल्याही खोलीत ही शक्यता डोळ्यांसमोर दिसते. पाळीच्या आधीच्या आठवड्यातल्या त्रासाबद्दल, म्हणजे चिडचिड, स्तन दुखणे, अंग जड होणे याबद्दल, अमेरिकेतल्या परिचारिकांच्या एका मोठ्या, कित्येक वर्षे चाललेल्या अभ्यासात हा प्रश्न तपासला गेला. 2016 साली त्याचे निष्कर्ष आले तेव्हा कॅफिनचे प्रमाण आणि हा त्रास सुरू होणे यांत काही संबंध सापडला नाही.

मैत्रिणीच्या सल्ल्यातले तथ्य याहून आश्चर्याचे आहे. कॅफिन वेदनाशामक गोळीचा जोर वाढवते. गोळीसोबत साधारण 100 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त कॅफिन घेतले तर ज्यांना चांगला उतार पडतो अशांची संख्या थोडी, पण निश्चित वाढते, हे डोकेदुखी, दाढदुखी अशा अनेक दुखण्यांवरच्या चाचण्यांतून दिसले आहे. पाळीच्या कळेवरही अशी एक चाचणी झाली आणि 2007 साली ती प्रसिद्ध झाली. तिच्यात 1 ग्रॅम पॅरासिटामॉल आणि 130 मिलिग्रॅम कॅफिन एकत्र घेणाऱ्या स्त्रियांना नुसते पॅरासिटामॉल किंवा नुसते कॅफिन घेणाऱ्यांपेक्षा जास्त आराम मिळाला. कॅफिन जर कळ वाढवणारे मुख्य कारण असते तर असे झाले नसते. म्हणून माझे मत असे, की निव्वळ ओटीपोटातली कळ कमी व्हावी म्हणून कॉफी सोडणाऱ्या मुलीची बहुतेक वेळा निराशा होईल. शेकाने तिला याहून जास्त मिळेल. 2001 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पोटावर सुमारे 39 अंश सेल्सिअसची सौम्य उष्णता दिवसाचे बारा तास देणारी पट्टी आयबुप्रोफेन गोळीच्या तोडीस तोड ठरली होती. गरम पाण्याची पिशवी कपड्यात गुंडाळून ओटीपोटावर धरणे हा त्याचाच घरगुती प्रकार.

पोट फुगण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, आणि इथे कॉफी, किंवा खरे तर कॉफीचा पेला, आरोपीच्या पिंजऱ्यात नक्की उभा करता येतो.

पाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत प्रोजेस्टेरॉन चढे असते आणि त्याने आतड्यांची हालचाल मंदावते. मल पुढे सरकायला वेळ लागतो, बद्धकोष्ठ होते, वायू धरतो. त्यात शरीर पाणीही धरून ठेवते. वर्षभर रोज नोंदी ठेवायला लावून केलेल्या एका अभ्यासात अंगावर सूज जाणवण्याचे प्रमाण पाळीच्या पहिल्या दिवशी सगळ्यात जास्त आढळले आणि पुढच्या काही दिवसांत ते उतरले. मग पाळी सुरू झाली की प्रोस्टाग्लँडिनमुळे तेच मंद आतडे एकदम खवळते. म्हणजे ज्या दोन-तीन दिवसांत पोट सगळ्यात गच्च आणि सगळ्यात हळवे असते, त्याच दिवसांत आपण त्यात काय ओततो याला महत्त्व येते.

पेल्यातल्या गोष्टी एकेक करून पाहू. कॉफी स्वतः मोठ्या आतड्याला हलवते. काही लोकांत कॉफी प्यायल्यावर चार मिनिटांत आतड्याच्या शेवटच्या भागाची हालचाल वाढते हे 1990 साली मोजून दाखवले गेले, आणि कॅफिन काढलेल्या कॉफीनेही ते घडले. बद्धकोष्ठाच्या दिवसांत हा गुण बरा वाटतो. पहिल्या दिवशी, आतडे आधीच खवळलेले असताना, त्यानेच मुरडा येतो आणि मुलीला वाटते की पाळीची कळ वाढली. दोन कळांतला फरक ओळखता येतो. शौचाला जाऊन आल्यावर किंवा वायू सरल्यावर जी कळ उतरते ती आतड्याची. शेक घेऊन किंवा गोळी घेऊन उतरते आणि शौचाशी जिचा संबंध नसतो ती गर्भाशयाची.

दुसरी गोष्ट दूध. आपल्याकडची कॉफी म्हणजे दुधाची कॉफी, होस्टेलवर तर निम्म्याहून जास्त दूध. 150 मिलिलिटर दुधात साधारण 7 ग्रॅम लॅक्टोज ही दुधातली साखर असते. वयात आल्यावर ही साखर पचवणारे विकर अनेक भारतीयांत कमी होते. तरीही बहुतेकांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत लॅक्टोज फारसा त्रास न देता पचते, म्हणून एक पेला कुणाला बाधत नाही आणि आपल्याला दूध पचते अशी खात्री होते. रात्री आठ ते बारा या वेळात असे तीन पेले गेले की 21 ग्रॅम होतात. न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात जाते, तिथले जंतू ते आंबवतात आणि वायू होतो. एरवी तो सरून जातो, पाळीच्या आधीच्या मंद आतड्यात तो अडकून बसतो.

तिसरी गोष्ट बहुतेक मुलींना ठाऊकच नसते, ती म्हणजे चिकोरी. स्वस्त इन्स्टंट कॉफीच्या पुडीवर बारीक अक्षरांत लिहिलेले असते की हे कॉफी आणि चिकोरीचे मिश्रण आहे, आणि दोन्हींची टक्केवारी दिलेली असते. 70 टक्के कॉफी आणि 30 टक्के चिकोरी हे प्रमाण सर्रास दिसते. कायद्याने अशा मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के असावी लागते, त्यामुळे उरलेली जवळजवळ निम्मी पूड चिकोरीची असू शकते. चिकोरी म्हणजे एका झाडाचे भाजलेले मूळ. त्यात इन्युलिन नावाचा तंतुमय पदार्थ असतो, जो माणसाला पचत नाही आणि आतड्यातल्या जंतूंना मात्र आवडतो. भाजताना त्यातले बरेच मोडते, पण सगळे जात नाही. ज्यांचे पोट कांदा, लसूण आणि डाळीने फुगते त्यांना चिकोरीचाही त्रास होण्याचा संभव जास्त, कारण त्या पदार्थांतही याच जातीची कर्बोदके असतात. पुडीची मागची बाजू वाचणे म्हणूनच उपयोगाचे आहे.

आता हे सगळे एका उदाहरणात घालून पाहू. समजा एक मुलगी आहे, सतरा वर्षांची, वजन 45 किलो, बारावीसोबत नीटची तयारी करणारी. सकाळी क्लासला निघताना एक अर्धा कप चहा, दुपारी मेसच्या जेवणानंतर आणखी एक. रात्री आठला, दहाला आणि साडेअकराला एकेक मोठा पेला कॉफी, प्रत्येकात दोन चमचे निखळ इन्स्टंट कॉफी. सपाट एक चमचा म्हणजे सुमारे 2 ग्रॅम पूड आणि त्यात साधारण 60 मिलिग्रॅम कॅफिन. एका पेल्याचे झाले 120, तीन पेल्यांचे 360. दोन अर्धे कप चहाचे 50 धरले तर दिवसाला 410 मिलिग्रॅम. तिने चिकोरीचे मिश्रण वापरले असते तर आकडा तिसऱ्या हिश्श्याने खाली आला असता, पण वायू मात्र वाढला असता. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2015 साली प्रौढांसाठी दिवसाला 400 मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सुरक्षित मानले, आणि किशोरवयीनांसाठी वजनाच्या दर किलोमागे 3 मिलिग्रॅम. या मुलीसाठी ही मर्यादा 135 मिलिग्रॅम होते. ती तिच्या तिप्पट घेते आहे.

कॅफिनचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला सरासरी पाच तास लागतात. साडेअकराच्या पेल्यातले 120 मिलिग्रॅम पहाटे साडेचारला 60 असतात आणि त्याखाली आठ-दहाच्या पेल्यांचे अवशेषही असतात. पाळीच्या आधीच्या काळात कॅफिन शरीराबाहेर पडण्याचा वेग आणखी थोडा मंदावतो. अनियमित पाळी किंवा पीसीओडीसाठी डॉक्टरांनी संप्रेरकांच्या गोळ्या दिल्या असतील तर हे पाच तास जवळजवळ दुप्पट होतात. ही गोष्ट औषध देताना कुणी फारसे सांगत नाही, आणि अशा गोळ्या घेणाऱ्या मुली या वयोगटात थोड्या नाहीत. झोपण्याआधी सहा तास 400 मिलिग्रॅम कॅफिन घेतले तरी रात्रीची झोप तासाभराहून जास्त घटते, असे 2013 च्या एका प्रयोगात आढळले होते. झोप तुटलेल्या माणसाला तेवढेच दुखणे जास्त वाटते. कॉफी कळ वाढवत असेलच तर ती बहुधा या वाटेने, थेट गर्भाशयाच्या वाटेने नाही. त्यामुळे या मुलीने कमी करायचा पहिला पेला कोणता, याचे उत्तर सरळ मिळते: साडेअकराचा.

कमी कधी करायची, यात सगळ्यात जास्त चूक होते. पाळी आली, पोट दुखू लागले, काकूंनी दटावले, म्हणून मुलगी त्याच दिवशी कॉफी-चहा एकदम बंद करते. रोज कॅफिन घेणाऱ्या माणसाने ते अचानक थांबवले की बारा ते चोवीस तासांत डोके धरते, साधारण दुसऱ्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त होतो आणि तो दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत टिकतो. सोबत मरगळ, चिडचिड, लक्ष न लागणे, कधी मळमळ. दिवसाला 100 मिलिग्रॅम घेणाऱ्यांनाही हे होऊ शकते. म्हणजे पाळीच्या पहिल्या दिवशी कॉफी सोडणारी मुलगी दुसऱ्या दिवशी, कळ जोरात असतानाच, डोकेदुखीही ओढवून घेते. ही डोकेदुखी कॅफिन सुटल्याची आहे का, हे ताडता येते: अर्धा कप चहा घेतल्यावर तासाभरात ती झपाट्याने उतरली तर तीच.

म्हणून कॉफी कमी करायची तर पाळीच्या अंदाजे तारखेच्या दहा दिवस आधी सुरुवात करावी आणि पायरी-पायरीने उतरावे. आपल्या उदाहरणातल्या मुलीने पहिले तीन दिवस साडेअकराचा पेला बंद करावा, बाकी काही बदलू नये. पुढचे तीन दिवस दहाच्या पेल्यात दोनऐवजी एक चमचा. मग तो पेलाही बंद. पाळीच्या तोंडावर तिच्याकडे संध्याकाळचा एकच पेला उरतो, तोही एका चमच्याचा आणि शक्य तर सहाच्या आत. चहा धरून हे सुमारे 110 मिलिग्रॅम होते, म्हणजे तिच्या मर्यादेच्या आत. अशा उताराने डोके सहसा दुखत नाही, दुखले तरी सौम्य. पाळी अनियमित असेल तर तारखेचा अंदाज धरता येत नाही. तिने रोजचीच सवय या पातळीवर आणलेली बरी.

याने फायदा झाला की नाही, हे आठवणीवर सोडू नये. दर महिन्याची पाळी सारखी दुखत नाही, एखादी वाईट पाळी झाली की पुढची तशीही जरा बरी जाते आणि श्रेय मधल्या काळात केलेल्या उपायाला मिळते. वहीच्या मागच्या पानावर तीन पाळ्यांची नोंद पुरेशी होते. पहिल्या तीन दिवसांची कळ रोज रात्री शून्य ते दहा अशा गुणांत लिहावी, गोळ्या किती घेतल्या ते लिहावे. पोट फुगण्यासाठी शिंप्याची मोजपट्टी घेऊन बेंबीच्या पातळीवर सकाळी उठल्यावर आणि रात्री जेवणानंतर पोटाचा घेर मोजावा. सकाळ आणि रात्र यांतला फरक वायू आणि अन्नाचा असतो. पाळीच्या आठवड्यातल्या सकाळच्या मापाची एरवीच्या आठवड्यातल्या सकाळच्या मापाशी तुलना केली तर धरून ठेवलेल्या पाण्याचा आणि बद्धकोष्ठाचा अंदाज येतो. पहिली पाळी नेहमीच्या सवयीने जाऊ द्यावी. दुसऱ्या पाळीआधी वर सांगितल्याप्रमाणे कॉफी उतरवावी, दूध तेवढेच ठेवावे. तिसऱ्या पाळीआधी कॉफी दुसऱ्या पाळीइतकीच ठेवून ती पाण्यात करून, बिनदुधाची प्यावी. दोन्ही बदल एकाच महिन्यात केले तर गुण कशाचा हे कळणार नाही. दुसऱ्या महिन्यात घेर उतरला नाही आणि तिसऱ्यात उतरला तर त्रास दुधाचा होता. दोन्हींत उतरला नाही तर पुडीवरची टक्केवारी पाहावी आणि चिकोरी नसलेली कॉफी घेऊन बघावी. तरीही फरक नसेल तर कॉफी निर्दोष आहे, शोध दुसरीकडे करायचा.

दुसरीकडे म्हणजे बऱ्याचदा पाण्याकडे. क्लासच्या इमारतीतले स्वच्छतागृह नीट नसते, मधल्या सुट्टीत रांग असते, पाळीत पॅड बदलायला जागा नसते, म्हणून मुली सकाळपासून पाणीच कमी पितात. मल कोरडा होतो, बद्धकोष्ठ वाढते, पोट दगडासारखे होते आणि बोल कॉफीला लागतो. हा दोष मुलींचा नाही, आणि त्यावरचा उपाय मुलींच्या हातातही पुरता नाही. तो इमारत भाड्याने देणाऱ्यांच्या आणि क्लास चालवणाऱ्यांच्या हातात आहे. होस्टेलवर परतल्यानंतर तरी पाणी आधी आणि कॉफी नंतर, एवढा क्रम पाळता येतो.

कॉफी आणि गोळी यांच्या जोडीबद्दल थोडे स्पष्ट बोलायला हवे. कॅफिनने गोळीचा जोर वाढतो हे वाचून कुणी रिकाम्या पोटी मेफेनॅमिक अॅसिडची गोळी कॉफीसोबत गिळू नये. मेफेनॅमिक अॅसिड, आयबुप्रोफेन, नॅप्रोक्सेन ही सगळी एकाच कुळातली औषधे. ती प्रोस्टाग्लँडिन तयार होऊ देत नाहीत, म्हणून कळेवर मुळाशी काम करतात. पण जठराच्या आतल्या अस्तराचे रक्षणही प्रोस्टाग्लँडिनच करते, त्यामुळे ही गोळी रिकाम्या पोटी घेतली की जळजळ होते, आणि कॉफी जठरातले आम्ल वाढवून तिच्यात भर घालते. मग मुलगी म्हणते, पाळीत मला पित्त होते. निदान भाकरीचा चतकोर आणि वरण, नाहीतर दोन पोळ्या खाऊन गोळी घ्यावी. कळ पूर्ण भरात येण्याची वाट पाहू नये. स्राव सुरू होताच घेतलेली गोळी सगळ्यात चांगली लागू पडते, कारण रसायने तयार होण्याआधी अडवणे हे तिचे काम आहे. दमा, जठरव्रण किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर या कुळातली गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मेफेनॅमिक अॅसिडबद्दल भारतीय औषधसंहिता आयोगाने नोव्हेंबर 2023 मध्ये इशाराही दिला आहे. क्वचित काही जणांना या औषधाने ताप, अंगावर पुरळ आणि अवयवांना सूज अशी गंभीर प्रतिक्रिया येते, आणि ती गोळी घेतल्यानंतर काही आठवड्यांनीही दिसू शकते. पाळीनंतर असे पुरळ आले तर गोळीचे नाव डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

काकूंच्या म्हणण्यातले तथ्यही इथेच नोंदवतो. कॉफीने स्राव वाढतो म्हणून चार दिवस ती वर्ज्य करावी, याला आधार नाही. पण जेवणासोबत किंवा जेवल्यावर लगेच घेतलेली कॉफी आणि चहा अन्नातले लोह अंगी लागू देत नाहीत. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी यांतले लोह तसेही कमी शोषले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019 ते 2021 या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. दर महिन्याला रक्त जाणाऱ्या मुलीने दुपारच्या जेवणानंतरचा चहा उठून लगेच घेण्याऐवजी दोन तास पुढे ढकलला, तर ज्या थकव्यासाठी ती रात्री कॉफी पिते त्याच्या एका कारणावर तरी इलाज होईल. लोहाची गोळीही चहा-कॉफीसोबत घेऊ नये.

काही दुखणी मात्र अशी असतात की त्यांत कॉफीचा विचार करत बसणे म्हणजे वेळ दवडणे. पहिल्या एक-दोन वर्षांत पाळी फारशी दुखत नव्हती आणि आता दरवर्षी जास्त दुखते आहे. कळ पाळीच्या चार-पाच दिवस आधीच सुरू होते किंवा पाळी संपल्यावरही राहते. पाळीत शौचाला किंवा लघवीला होताना कळ येते. तासा-दोन तासाला पॅड पूर्ण भिजते किंवा मोठ्या गाठी पडतात. दोन गोळ्या घेऊनही परीक्षेला किंवा क्लासला जाता येत नाही. फुगलेले पोट पाळी झाल्यावरही उतरत नाही. यामागे एंडोमेट्रिओसिस, गर्भाशयातली किंवा बीजकोशातली गाठ असू शकते, आणि एंडोमेट्रिओसिसचे निदान व्हायला जगभर वर्षानुवर्षे लागतात, कारण पाळीत दुखतेच असे म्हणून घरचे आणि डॉक्टरही ते सोडून देतात. लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आणि नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दोन्हीकडे स्त्रीरोग विभाग आहे. त्याशिवाय सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक चालतात, तिथे पाळीबद्दल मोकळेपणाने विचारता येते. जाताना तीन महिन्यांच्या नोंदींचे ते पान सोबत न्यावे. कळ कधी सुरू झाली, किती दिवस राहिली, किती गोळ्या लागल्या आणि गोळीने किती फरक पडला, हे प्रश्न तपासणीत सगळ्यात आधी विचारले जातात.